अक्षतांना गेलेल्या वाट्या: केटरिंगमधली भांड्यांची मोजदाद आणि फुटीचा हिशोब

लग्न लागायच्या अर्धा तास आधी आमच्या काउंटरवर कोणीतरी मावशी येतात आणि म्हणतात, "चार वाट्या द्या हो, अक्षतांना." मग गुरुजींना पंचामृतासाठी दोन चमचे हवे असतात. हळदीकुंकवाच्या ताटात दोन वाट्या, नवरीच्या खोलीत चहाबरोबर पाच क्वार्टर प्लेटा, फोटोग्राफरच्या टेबलावर तीन ग्लास. यातलं काहीही चोरीला गेलेलं नसतं, पण संध्याकाळी टेम्पो भरताना ते क्रेटमध्येही नसतं. ऐनवेळी यजमानांना "अकरा वाट्या कमी आहेत" म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो, आणि चूक आपलीच असते, कारण वाट्या दिल्या तेव्हा आपण लिहून ठेवलं नाही.

पुण्यातल्या मंगल कार्यालयांत सकाळचं लग्न आणि दुपारचं बुफे जेवण ही आमची रोजची कामं. तीनशे माणसांच्या अशा एका लग्नाचा हिशोब धरून भांडी कशी मोजतो आणि फुटीचे पैसे कसे लावतो ते सांगतो. स्टीलच्या ताटांची पंगत असेल तर फूट जवळजवळ नसते, फक्त गहाळ मोजायचं. खरी कसरत सिरॅमिकच्या प्लेटा आणि काचेच्या ग्लासांची.

निघण्याआधी: किती, कसं आणि कोणी मोजायचं

तीनशे पानांना तीनशे प्लेटा पुरत नाहीत. बुफेत दुसऱ्यांदा वाढून घ्यायला माणूस नवी प्लेट उचलतो, आणि धुवून पुन्हा मांडायला दुपारच्या घाईत वेळ नसतो. आम्ही फुल प्लेटा ४००, स्टार्टरच्या क्वार्टर प्लेटा ४००, वाट्या ६००, ग्लास ५००, चमचे ७५० आणि काटे ३०० नेतो. चमचे एवढे का, तर गोडाला वेगळा लागतो आणि आमरस किंवा बासुंदी असेल तर तिथेच दोन जातात. मेनूवर आकडे बदलतात, पण एकदा ठरवलेला आकडा नेहमी गोल ठेवायचा. ४०० प्लेटा मोजणं आणि ३८७ प्लेटा मोजणं यात रात्री थकलेल्या माणसाला फार फरक पडतो.

गोलपणा क्रेटपासूनच सुरू होतो. फुल प्लेटा एका क्रेटमध्ये २०, म्हणजे २० क्रेट. क्वार्टर ४० च्या हिशोबाने १० क्रेट. वाट्या ५० च्या हिशोबाने १२. ग्लास पंचवीस खणांच्या रॅकमध्ये, म्हणजे २० रॅक. चमच्या-काट्यांचे ५० चे गठ्ठे, चमच्यांचे १५ आणि काट्यांचे ६. असं केलं की मोजणी म्हणजे क्रेट मोजणं होतं. खणांच्या रॅकमध्ये तर मोकळा खण लांबूनच दिसतो. प्लेटांचे चळत शेजारी शेजारी, सारख्याच संख्येने लावले तर एक प्लेट कमी असलेला चळत बोटभर खाली दिसतो. डोळ्यांनी आधी उंची पाहायची, मग हाताने मोजायचं.

चमच्यांसाठी साधा वजनकाटा वापरतो. आमचे ५० कोरडे चमचे १ किलो ६०० ग्रॅम भरतात, म्हणजे एक चमचा ३२ ग्रॅमचा. गठ्ठा १ किलो ५६८ भरला तर एक कमी. यात दोन अटी आहेत. सगळे चमचे एकाच घाटाचे हवेत, नाहीतर दोन वजनांचे मिसळले की आकडा खोटा निघतो. आणि ते कोरडे हवेत. चमच्यावर अर्धा ग्रॅम पाणी राहिलं तर ५० चमच्यांत २५ ग्रॅम होतात, म्हणजे एक हरवलेला चमचा त्या पाण्याखाली जवळजवळ लपतो. म्हणून काटा गोडाउनमध्येच चालवतो. कार्यालयात चमचे हातानेच, दहा-दहाच्या जुड्या करून.

मोजणाऱ्यांमध्ये दोघे हवेत. एक मोठ्याने आकडा म्हणतो, दुसरा लिहितो. आणि जावक मोजणारा शक्यतो टेम्पोबरोबर जाणारा नसावा. गोडाउनचा माणूस मोजून देतो, साइटचा माणूस मोजून घेतो, दोघांच्या सह्या चलनावर. हे कंटाळवाणं वाटतं, पण याच ठिकाणी टवके उडालेली प्लेट बाहेर निघते. टवका उडालेली प्लेट जावकमध्ये गेली तर संध्याकाळी ती यजमानांच्या नावावर फूट म्हणून लागते, आणि ते अन्यायाचं आहे. निघण्याआधी प्लेटेच्या कडेवरून एकदा बोट फिरवायचं. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला कळते.

आता खूण. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून घ्यायची जुनी पद्धत आहे, आणि केटरिंगमध्ये तिच्याइतकं उपयोगी काही नाही. चमच्याच्या दांड्याच्या मागे दोन अक्षरं कोरून घेतो, प्लेटेच्या बुडाला पक्क्या रंगाचा ठिपका. कार्यालयाचे स्वतःचे चमचे असतात, ज्यूसवाल्याचे ग्लास असतात, आणि धुण्याच्या जागी सगळं एक होतं. एका लग्नात आमचे चमचे ७५० गेले आणि ७५८ परत आले. कामावरचा नवा मुलगा खूश झाला. मी म्हटलं, "अरे, आठ जास्त म्हणजे निदान आठ दुसऱ्याचे. आपले किती कमी आहेत ते आता शोध." आपले चोवीस कमी निघाले. परत आलेला आकडा जावकपेक्षा जास्त असला तरी तीही चूकच धरायची.

भाड्याने आणलेली भांडी असतील तर ती वेगळ्या रंगाच्या क्रेटमध्ये ठेवावी आणि भांडीवाल्याच्या चलनाची मोजणी त्याच्याच माणसासमोर उरकावी. तो आपल्याकडून फुटीचे जे दर घेतो, तेच यजमानांच्या दरपत्रकात हवेत. हे विसरलं की मधला फरक आपल्या खिशातून जातो.

लग्नात: देणं लिहून ठेवणं आणि पिंपावरची जाळी

साइटवर एक माणूस फक्त भांड्यांवर ठेवतो. तो वाढत नाही, पाणी देत नाही. त्याच्याकडे एक वही असते आणि काउंटरबाहेर जाणारी प्रत्येक वाटी तो लिहितो. "अक्षता ४ वाट्या, ११.१०, निळ्या साडीतल्या मावशी." नाव विचारायचं नाही, विचारलं की माणसं दुखावतात. कपड्यांचा रंग पुरतो. जेवणं संपल्यावर हा माणूस वही घेऊन फेरी मारतो. गुरुजींची बसायची जागा, नवरीची खोली, वराकडची खोली, स्टेजवरच्या सोफ्याच्या मागे, फोटोग्राफरचं टेबल, ड्रायव्हर जेवले ती पार्किंगमधली जागा, आणि रुखवताचं टेबल. ही फेरी पाठवणीच्या आधी मारायची, कारण नंतर खोल्यांना कुलपं लागतात आणि सामान गाड्यांत जातं. हळदीच्या वाट्या पिशवीत गेल्या की त्या थेट कोल्हापूरला पोचतात.

चमचे मात्र खोल्यांत जात नाहीत, ते खरकट्यात जातात. वाढपी किंवा पाहुणा प्लेट कलती करतो आणि भाताबरोबर चमचा पिंपात. म्हणून पिंपाच्या तोंडावर जाळीचा क्रेट उलटा ठेवतो आणि त्यावर प्लेट झटकायची. खरकटं जाळीतून खाली जातं, चमचा वर राहतो. पापड, पोळीचे तुकडे वर साचतात, ते हाताने खाली ढकलायचे, त्रास होतो खरा. लोहचुंबकाचा उपायही करून पाहावा, पण आधी एक चमचा त्याला लावून पाहा. सगळ्या स्टीलला चुंबक धरत नाही. स्वस्तातले बरेच चमचे चिकटतात, निकेल असलेले चांगले चमचे चिकटत नाहीत. महाग चमचे घेतले असतील तर चुंबक फिरवून "काही नाही" म्हणणं फसवं ठरेल.

फुटलेले तुकडे टाकायचे नाहीत. प्रत्येक धुण्याच्या जागी एक लाल बादली ठेवतो, फुटलं की तुकडे त्यात. मोजायची सोपी युक्ती अशी: ग्लास बुडावरून मोजायचा, कप कानावरून, प्लेट आणि वाटी बुडाच्या गोल कडेवरून. एका ग्लासाचे सात तुकडे झाले तरी बूड एकच असतं. बूडच दोन झालं असेल तर दोन्ही अर्धे जुळवून पाहायचे. बादलीत तुकडे टाकताना एक गोष्ट लिहून ठेवायची, ती म्हणजे फुटलं कुठे: पाहुण्यांत, की आपल्या धुण्या-भरण्यात. पुढचा सगळा हिशोब या एका नोंदीवर उभा असतो.

इथे मुलांच्या हजेरीचा प्रश्न येतो. फुटलेल्याचे पैसे मुलांच्या हजेरीतून कापायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. मी सुरुवातीला दोन वर्षं तेच केलं. परिणाम असा की लाल बादली रिकामी आणि खरकट्याच्या पिंपात काच. फूट कमी झाली नव्हती, ती गहाळमध्ये सरकली होती. वेतनाचा कायदाही सांगतो की नुकसान कापायचं तर आधी त्या माणसाला त्याचं म्हणणं मांडू द्यावं लागतं. मी कापणं बंद केलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात बादलीत पाचपट तुकडे दिसले. खरा आकडा कळला, तेव्हा ग्लास कुठे फुटतात तेही कळलं: रॅक टेम्पोत एकावर एक सहा चढवले की सर्वात खालचा रॅक दबतो. आता चारच चढवतो.

परत येताना: कोण सही करणार आणि केव्हा

बुकिंगच्या दिवशीच यजमानांना विचारतो, "भांड्यांच्या चलनावर तुमच्याकडून कोण सही करेल?" नवरीचे वडील नकोत, मामा नको, त्या दोघांना त्या दिवशी श्वास घ्यायला वेळ नसतो. चुलतभाऊ, शेजारी, वडिलांचे ऑफिसातले मित्र चालतात. त्यांचा नंबर चलनावर लिहून ठेवतो. सकाळी भांडी उतरली की तेच जावक पाहतात, नुसते क्रेट मोजले तरी पुरे.

सही मागायची वेळ फार महत्त्वाची. कार्यालय साधारण चारला सोडायचं असतं, आणि पाठवणीही त्याच सुमाराला. आई रडत असताना "काका, जरा सात चमच्यांचं बघा" म्हणणारा केटरर त्या घरातलं पुढचं काम गमावून बसतो. म्हणून मोजणी टप्प्याने करतो. स्टार्टर संपलं की क्वार्टर प्लेटा विसळून क्रेटमध्ये जातात आणि तिथेच मोजल्या जातात. शेवटची पंधरा मिनिटं फक्त फुल प्लेटा, ग्लास आणि चमच्यांसाठी उरतात. लाल बादलीचा एक फोटो, भरलेल्या चलनाचा एक फोटो, दोन्ही त्या चुलतभावाला व्हॉट्सॲपवर, आणि कागदावर सही.

यापुढचा नियम मी दहा वर्षांत एकदाही मोडलेला नाही. सही झाल्यावर गोडाउनमध्ये जे कमी निघेल ते आपलं, आणि जे सापडेल ते यजमानांचं. टेम्पोत काय झालं याला ते जबाबदार नाहीत.

आता आकडे

परवाच्या लग्नात पहिल्या मोजणीत चमचे ४१ कमी होते. पिंपाशी जाळी ठेवली होती, पण शेवटच्या गर्दीत कोणीतरी ती बाजूला काढली. दोन पिंपं चाळली, १९ चमचे मिळाले. सहीच्या वेळचं चलन असं होतं:

| वस्तू | जावक | चांगल्या परत | फुटलेल्या, टवकलेल्या | गहाळ |
|---|---|---|---|---|
| फुल प्लेट | ४०० | ३८९ | ७ | ४ |
| क्वार्टर प्लेट | ४०० | ३९२ | ५ | ३ |
| वाटी | ६०० | ५८८ | ८ | ४ |
| ग्लास | ५०० | ४८१ | १६ | ३ |
| चमचा | ७५० | ७२८ | ० | २२ |
| काटा | ३०० | २९५ | ० | ५ |

प्रत्येक ओळीत मागच्या तीन आकड्यांची बेरीज जावकशी जुळलीच पाहिजे. जुळली नाही तर सही घ्यायची नाही, पुन्हा मोजायचं.

पहिलं काम म्हणजे आपली फूट वगळणं. लाल बादलीच्या नोंदीप्रमाणे २ फुल प्लेटा, १ वाटी आणि ६ ग्लास आमच्या मुलांकडून धुताना-भरताना फुटले होते. ते यजमानांच्या हिशोबातून काढले. उरल्या फुल प्लेटा ९, क्वार्टर ८, वाट्या ११, ग्लास १३, चमचे २२, काटे ५.

दुसरं काम, सूट. करारात लिहिलेलं असतं की प्लेटा, वाट्या, ग्लास यांत जावकच्या १ टक्का आणि चमचे-काट्यांत २ टक्के फूट-गहाळ आम्ही सोसतो. तीनशे माणसं जेवली की चारदोन ग्लास जाणारच, त्यासाठी हात पसरणं शोभत नाही. इथे सूट झाली फुल प्लेटा ४, क्वार्टर ४, वाट्या ६, ग्लास ५, चमचे १५, काटे ६. म्हणजे पैसे लावायच्या वस्तू उरल्या फुल प्लेटा ५, क्वार्टर ४, वाट्या ५, ग्लास ८, चमचे ७. काटे सुटीत बसले.

तिसरं, दर. आमचा दर म्हणजे शेवटच्या खरेदीचं बिल अधिक वाहतूक, पाचाच्या पटीत. सध्या फुल प्लेट १८० रुपये, क्वार्टर ९०, वाटी ६०, ग्लास ४५, चमचा किंवा काटा २५. हिशोब झाला ९०० + ३६० + ३०० + ३६० + १७५, एकूण २,०९५ रुपये. बुकिंगला ५,००० अनामत घेतली होती, २,९०५ परत.

काहीजण खरेदीच्या दुप्पट दर लावतात, "धाक राहतो" म्हणून. मला ते पटत नाही, आणि कायद्यातही टिकायला अवघड आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. खरेदीचं बिल दाखवता आलं की वाद तिथेच मिटतो. उलट बाजूने, "जुनी प्लेट होती, अर्धे पैसे घ्या" असंही ऐकावं लागतं. त्यावर माझं उत्तर असं की मला चारशेचा संच एकसारखा ठेवायचा आहे आणि दुकानदार मला जुनी प्लेट विकत नाही. टवका उडालेल्या प्लेटेचे पूर्ण पैसे लावतो, कारण ती पुन्हा पाहुण्याच्या हातात देता येत नाही. तसं करायचं असेल तर मात्र ती प्लेट खरंच बाद करावी, पुढच्या लग्नात फिरवू नये. हवी असेल तर यजमानांना देऊन टाकावी.

करारातलं वाक्य आम्ही असं ठेवतो:

*"भांड्यांची संख्या जावक चलनाप्रमाणे. समारंभ संपल्यावर यजमानांच्या प्रतिनिधीसमोर मोजणी होईल. केटररच्या कर्मचाऱ्यांकडून फुटलेली भांडी वगळून, ठरलेल्या सुटीपेक्षा जास्त फुटलेल्या, टवकलेल्या किंवा गहाळ भांड्यांचे पैसे सोबतच्या दरपत्रकाप्रमाणे अनामत रकमेतून वळते होतील. सात दिवसांत सापडलेल्या भांड्यांचे पैसे परत केले जातील."*

दरपत्रक खरंच सोबत जोडायचं आणि त्यावरही सही घ्यायची. फुटीची रक्कम जेवणाच्या बिलात मिसळू नये, वेगळ्या कागदावर लिहावी. जेवणाच्या सेवेवर जीएसटी लागतो, खऱ्या नुकसानभरपाईचा विचार वेगळा होतो, आणि एका ओळीत लिहिलं की सगळ्यावर कर लागण्याचा गोंधळ होतो. कोणत्या शब्दांत लिहायचं ते आपल्या सीएकडून एकदा पाहून घ्यावं.

आता चलनाची दुसरी बाजू. त्या दिवशी फुटलेल्या आणि गहाळ झालेल्या सगळ्या भांड्यांची किंमत काढली तर ती ४,९५० रुपये होते. यजमानांकडून आले २,०९५. उरलेले २,८५५ आमचे. तीनशे पानांवर वाटले की पानामागे साडेनऊ रुपये. सिरॅमिक आणि काच वापरणाऱ्या कामाचा दर देताना हे साडेनऊ आधीच धरलेले नसतील, तर ते नफ्यातून जातात आणि कळतही नाहीत. हा आकडा दर लग्नाला वेगळा येतो, म्हणून मी शेवटच्या दहा कामांची सरासरी काढतो आणि पानाचा दर ठरवताना तीच वापरतो.

दुसऱ्या दिवशी गोडाउनमध्ये धुवून कोरडं झाल्यावर चमचे काट्यावर जातात आणि रजिस्टरमध्ये शिल्लक लिहिली जाते. कमी झालेलं लगेच भरून ठेवतो. ते राहिलं तर पुढच्या कामाला ३८९ प्लेटा जातात, आकडा गोल राहत नाही आणि मोजणी पुन्हा अवघड होते.

या लग्नाच्या चौथ्या दिवशी त्या चुलतभावाचा फोन आला. काकूंच्या पिशवीत दोन वाट्या निघाल्या होत्या, एकीला कुंकू लागलेलं. मुलगा जाऊन घेऊन आला आणि मी १२० रुपये त्यांना परत पाठवले. कुंकू काही केल्या जात नव्हतं, ती वाटी आता ऑफिसात टाचण्या ठेवायला आहे.